सदाबहार व्हिडिओ आकड्यांवरून कसा ओळखावा

एखाद्या यूट्यूब चॅनेलवर दोन व्हिडिओ आहेत असं समजा. एक कर्जमाफीच्या घोषणेच्या दिवशी टाकलेला, दुसरा ‘सातबारा ऑनलाइन कसा काढायचा’ हे दाखवणारा. आठ महिन्यांनी दोघांचेही व्ह्यूज साधारण 27,000. यादीत ते शेजारीशेजारी बसतात आणि सारख्याच तोलाचे वाटतात. पण घोषणेच्या व्हिडिओला पहिल्या दिवशी 12,000, दुसऱ्या दिवशी 5,000, सातव्या दिवशी 500 व्ह्यूज मिळाले, आणि महिन्याभरात बहुतेक सगळं आटोपलं. सातबाऱ्याचा व्हिडिओ मात्र रोज शंभर-सव्वाशे घेत इथवर आला आणि अजूनही घेतोय. म्हणून एकूण आकडा बाजूला ठेवा आणि रोजचे आकडे काढा.

यूट्यूब स्टुडिओमध्ये व्हिडिओ उघडून Analytics आणि तिथून Advanced mode मध्ये जा. कालावधी Lifetime ठेवा, वर्गवारी Date निवडा आणि फाइल CSV म्हणून उतरवून घ्या. गूगल शीटमध्ये A रकान्यात तारखा, B मध्ये व्ह्यूज ठेवा. पहिली ओळ शीर्षकाची, दुसऱ्या ओळीपासून प्रकाशनाचा पहिला दिवस. एकूण बेरजेची ओळ आली असेल तर ती काढून टाका, नाहीतर पुढचे सगळे दिवस एक घर सरकतील. तारखा जुन्याकडून नव्याकडे लागल्या आहेत ना, तेही पाहा.

आलेख बघून निकाल देऊ नका. पहिल्या दिवसाचा उंच सुळका असला की त्यापुढची घसरण तळाशी चेपली जाते आणि सपाट रेघेसारखी दिसते. शिवाय उसळून उतरणारे व्हिडिओ सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर अगदी सावकाश उतरतात. त्यामुळे व्हिडिओ जुना झाल्यावर लागोपाठचे दोन महिने ताडून पाहिले, तर मरत चाललेला व्हिडिओसुद्धा स्थिर भासतो. बहुतेकांची गफलत इथेच होते.

यावर उपाय म्हणजे तुलनेचे टप्पे व्हिडिओच्या वयाबरोबर दुप्पट करत न्यायचे. पहिले 30 दिवस सोडून द्या आणि पुढच्या तीन टप्प्यांचा मध्यक काढा:

```
=MEDIAN(B32:B61)
=MEDIAN(B62:B121)
=MEDIAN(B122:B241)
```

म्हणजे दिवस 31 ते 60, 61 ते 120 आणि 121 ते 240. सरासरीऐवजी मध्यक घ्यायचा, कारण कुणी एखाद्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक फिरवली तर सरासरी फुगते, मध्यक जागचा हलत नाही.

आपल्या उदाहरणात घोषणेच्या व्हिडिओचे मध्यक 22, 8 आणि 3 येतात असं धरा. दर टप्प्याला आधीच्या जेमतेम 35-40 टक्के उरतात. सातबाऱ्याचे 108, 116, 112. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या आसपास राहिला तर व्हिडिओ सदाबहार. दर वेळी निम्मा किंवा त्याहून कमी झाला तर ती ओसरती लाट. टप्प्याच्या मध्यकाला आधीच्या टप्प्याच्या मध्यकाने भागा. हे गुणोत्तर 0.8 च्या वर असेल तर मी निश्चिंत होतो, 0.5 ते 0.8 च्या मधल्यांना आणखी एक टप्पा वाट पाहायला लावतो. रोजचे व्ह्यूज पाच-सातच असतील तर दिवसाऐवजी आठवड्यांच्या बेरजा घ्या. एवढ्या लहान आकड्यांत गुणोत्तर उगाच डोलतं.

गुणोत्तर चांगलं आलं की Traffic source उघडा, पण फक्त शेवटच्या टप्प्याच्या तारखा लावून. तिथे YouTube search चा वाटा मोठा असेल तर लोक गरज पडेल तेव्हा स्वतः शोधत येताहेत, आणि ही मागणी सहसा टिकते. जवळपास सगळे व्ह्यूज एकाच दुसऱ्या व्हिडिओच्या शेजारून, म्हणजे Suggested videos मधून येत असतील, तर तो व्हिडिओ थंडावला की तुमचाही थंडावेल. YouTube advertising दिसलं तर ते व्ह्यूज वजा करून गणित पुन्हा मांडा. जाहिरातीच्या पैशाने रेघ हवी तितके दिवस सपाट ठेवता येते.

सणावारांचे व्हिडिओ या कसोटीत हकनाक नापास होतात. उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ गणपतीत उसळतो आणि विसर्जनानंतर पार झोपतो, पण पुढच्या वर्षी पुन्हा उठतो. त्याची तुलना वर्षाशी वर्षाची करायची, आणि तीही तारखेने नव्हे. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. म्हणून चतुर्थीच्या आधीचे 15 दिवस दोन्ही वर्षी मोजा आणि त्यांच्या बेरजा समोरासमोर ठेवा.