पुढे झुकणारं चपलांचं कपाट: खोली किती, फिटिंग कसं?

अरुंद पॅसेजसाठी फ्लॅप पुढे झुकणारं शू रॅक उत्तम, कारण त्यात बूट जवळजवळ उभे राहतात. एका ओळीला कपाटाची खोली साधारण १८ सेंमी पुरते. मागेपुढे दोन ओळी हव्या असतील तर २५ ते ३० सेंमी धरा. सुताराला माप देण्याआधी घरातला सर्वांत मोठा बूट मोजा. ९ नंबरचा बूट बाहेरून सुमारे ३० सेंमी भरतो. तो आत अडला तर फ्लॅप पूर्ण मिटत नाही आणि वर फट राहते.

आता वजन बघू. ६० सेंमी रुंद फ्लॅपमध्ये दोन ओळींत सहा जोड मावतात. पुरुषांचे बूट असतील तर ते सुमारे पाच किलो, शिवाय १८ मिमी प्लायचा फ्लॅप अडीच-तीन किलो. हा आठ किलोचा भार खालच्या दोन पिनांवर आणि फ्लॅप थांबवणाऱ्या खिट्टीवर येतो. पातळ प्लास्टिकचं फिटिंग इथेच तडकतं, म्हणून डबल ओळीसाठी लोखंडी पट्टीचंच घ्या. पार्टिकल बोर्डात स्क्रू लवकर सैल होतात. उघडताना फ्लॅप एका बाजूला झुकला, तर तिथला स्क्रू सुटत चालला आहे असं समजा.

कपाट वरच्या बाजूला भिंतीत रॉवल प्लगने पक्कं कराच. दोन फ्लॅप एकदम उघडले की सगळा भार पुढे येतो, आणि लहान मूल लोंबकळलं तर कपाट अंगावर येतं.