या चुका टाळा : ‘निल’ दाखल्यावर भरवसा ठेवण्याआधी

गोव्यात भाट किंवा प्लॉट घेताना बोजाच्या दाखल्यावर ‘निल’ दिसला की बरेच जण निर्धास्त होतात. मला त्या शब्दाची धास्तीच वाटते. त्याचा अर्थ एवढाच की दिलेल्या वर्णनाच्या मालमत्तेवर, दिलेल्या कालावधीत, त्या तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयाच्या सूचीत नोंदलेला दस्त सापडला नाही.

समजा, डिचोली तालुक्यातला ११२/४-ब हा प्लॉट आहे. १९९५ ते २०२४ या काळाचा दाखला निल आला. पण विकणाऱ्याने तो २०११ मध्ये नोंदणीकृत विक्रीखताने घेतला होता. मग ते विक्रीखत दाखल्यात का नाही? दाखल्यात गहाणासोबत विक्री, बक्षीस, वाटणी हे दस्तही यायला हवेत. माहीत असलेला दस्तच सापडला नाही, तर शोधच चुकला आहे. ही कसोटी दर वेळी लावा.

चूक बहुतेकदा अर्जात असते. २०११ च्या दस्तात पोटविभाग नव्हता, जमीन मूळ ११२/४ म्हणून आणि भाटाच्या नावाने लिहिली होती. सर्व्हे होण्याआधीच्या दस्तांत तर फक्त भाटाचे नाव, चतुःसीमा आणि पोर्तुगीजकालीन भूनोंदणी क्रमांकच मिळतात. म्हणून अर्जात नवा-जुना सर्व्हे क्रमांक, भाटाचे नाव, चतुःसीमा आणि आधीच्या मालकांची नावे द्या. गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, तेव्हा दोघांचीही नावे घाला.

नव्या अर्जावर दोन नोंदी आल्या असे धरू: २०११ चे विक्रीखत आणि २०१६ चे गहाणखत. प्रत्येक नोंदीत दस्ताचा प्रकार, तारीख, लिहून देणार, लिहून घेणार, रक्कम आणि दस्त क्रमांक पाहायचे. गहाणखतात लिहून देणार मालक आणि लिहून घेणार बँक असते. विकणारा म्हणेल, ‘कर्ज कधीच फेडलं.’ फेडलेही असेल, पण गहाणमुक्तीचा दस्त नोंदलेला नसेल तर दाखल्यावर बोजा उभाच राहतो. बँकेचे नुसते ‘बाकी नाही’ हे पत्र घेऊन थांबू नका. गहाणमुक्ती नोंदवून घ्या आणि दाखला पुन्हा काढा.

नीट शोधूनही निल आला, तरी काही गोष्टी त्याच्या बाहेरच राहतात. कूळ किंवा दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराचा हक्क कायद्याने मिळतो, त्याला नोंदणीकृत दस्त लागत नाही. त्यासाठी जमिनीच्या हक्कनोंदीच्या एक-चौदा उताऱ्यातले कुळांचे आणि इतर हक्कांचे रकाने बघा, शिवाय जागेवर जाऊन तिथे कोण राहतो ते विचारा. मूळ कागद बँकेत ठेवून घेतलेले कर्जही उपनिबंधकाकडे नोंदल्याशिवाय होऊ शकते. म्हणून २०११ चे मूळ विक्रीखत हातात मागा. झेरॉक्स पुढे केली, तर मूळ प्रत कुठे आहे हे कळेपर्यंत इसार देऊ नका.