तारेच्या कुंपणाचा फुटाचा दर: गेट वेगळं काढा

कंत्राटदार 'फुटाला इतके' सांगतो, पण त्या फुटात काय काय धरलंय ते कळत नाही. उचगावच्या बाजूला ४० बाय ५० च्या प्लॉटसाठी आम्ही असा हिशेब केला. दर नमुन्याचे आहेत, तुमच्या दुकानातले घाला.

१. घेर १८० फूट. त्यातलं १० फुटी गेट वजा केलं की कुंपण १७० फूट.

२. खांब प्रत्येक बाजूला वेगळे मोजा, अंतर ८ फुटांच्या आत. ५०, ५०, ४० आणि गेटच्या बाजूचे ३० फूट मिळून २३ गाळे, म्हणजे २४ खांब. त्यातले दोन गेटचे लोखंडी, उरले २२. शिवाय चार कोपऱ्यांना दोन-दोन तिरके टेके. हे आठ नग कोटेशनमधून हमखास गळतात! एकूण ३० नग, ३५० प्रमाणे १०,५०० रुपये.

३. पाच ओळी काटेरी तार ८५० फूट, बांधणीसकट ९०० धरा. तार किलोवर मिळते, म्हणून किलोत किती फूट बसते ते दुकानात विचारा. ३० फूट बसली तर ३० किलो, १०० प्रमाणे ३,००० रुपये.

४. खड्डे, काँक्रीट, तार ओढणं: नगाला २००, म्हणजे ६,००० रुपये.

बेरीज १९,५००, भागिले १७०: फुटाला साधारण ११५ रुपये. गेट खांबांसकट १८,०००, ते वेगळ्या ओळीत. गेटचे १० फूट कुंपणातही मोजलेत का, तेवढं बघा.

काळ्या जमिनीत मात्र टेक्यांवर काटकसर नको. भेगा पडल्या की कोपऱ्याचा खांब कलतो आणि पाचही तारा सैल होतात.