गेम मोडमुळे फोन लागत नव्हता, आणि तापतही होता

भाचा गेम खेळायला बसला की ताईचा फोन त्याला लागायचाच नाही. रिंग न वाजताच कट व्हायचा. मिस्ड कॉल मात्र नंतर दिसायचे. नेटवर्कची काही भानगड नव्हती. गेम चालू असताना स्क्रीनच्या कडेवरून आत बोट सरकवल्यावर येणाऱ्या गेम मोडच्या पट्टीत ‘कॉल नाकारा’ चालू होतं. ते बंद करून कॉल वरच्या छोट्या पट्टीत दिसेल असं ठेवलं. नोटिफिकेशन बंदच राहू दिली, त्यांची खेळताना कटकटच.

कडेच्या त्याच पट्टीत परफॉर्मन्स सगळ्यात वरच्या पातळीवर होता. त्यात प्रोसेसर सतत जोरात पळतो, फोन तापतो आणि मग स्वतःला वाचवायला वेग आपोआप कमी करतो. म्हणून सुरुवातीला गेम मस्त चालायचा, थोड्या वेळाने अडखळायचा आणि ब्राइटनेसही आपसूक उतरायचा. मोड ‘बॅलन्स्ड’ केला, गेममधला फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ९० वरून ६० वर आणला. चार्जिंगला लावून खेळणंही बंद, कारण चार्ज होताना बॅटरी स्वतःच गरम होते. आता कॅमेऱ्याजवळची पाठ कोमट लागते, पण गेम अडखळत नाही. ९० चा गुळगुळीतपणा गेला म्हणून भाचा कुरकुरतो, ते वेगळं.