श्वासाचा आलेख वाचताना या चुका टाळा

सांगलीत अकरावीला जीवशास्त्र शिकवताना मला स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे नळीतून श्वास घेऊन-सोडून हवा मोजण्याच्या चाचणीच्या, आलेखावर दरवर्षी तेच प्रश्न येतात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर लिटर. आधी छोट्या लाटा, मग एक उंच शिखर, त्यानंतर खोल उतार. परवाच्या आलेखात लाटा 2.3 आणि 2.8 लिटरच्या मध्ये होत्या, शिखर 5.4 वर आणि तळ 1.2 वर.

अर्ध्या वर्गाने टायडल व्हॉल्यूम 2.8 लिहिलं. लाटेचं टोक वाचायचं नसतं, टोक आणि तळ यांतलं अंतर मोजायचं असतं: 0.5 लिटर, म्हणजे 500 मिली. शांत बसल्यावर एका श्वासात एवढीच हवा आत-बाहेर होते. व्हायटल कपॅसिटीचंही तसंच. छाती भरून घेतलेला श्वास पूर्ण सोडला की जेवढी हवा बाहेर येते तेवढी, म्हणजे 5.4 वजा 1.2, बरोबर 4.2 लिटर. 5.4 ही फुप्फुसांची एकूण क्षमता झाली.

श्वास पूर्ण सोडल्यावरही आत उरलेले 1.2 लिटर हे रेसिड्युअल व्हॉल्यूम. खरी गफलत इथे होते. पुस्तकातल्या चित्रात ते दिसतं, पण साध्या यंत्राच्या कागदावर दिसत नाही, कारण यंत्र फक्त नळीतून गेलेली हवा मोजतं. तिथे तळच शून्य धरला, तर याच माणसाच्या लाटा 1.1 ते 1.6 मध्ये येतील आणि शिखर 4.2 वर. एका मुलीने विचारलं, "सर, शून्य आलं म्हणजे फुप्फुस रिकामं झालं ना?" नाही. माठाची तोटी बुडापासून चार बोटं वर असते, तोटीतून आलेलं पाणी मोजून तळाचं पाणी कळत नाही. छाती एका मर्यादेपलीकडे दबत नाही आणि बारीक श्वासनलिका आधीच मिटतात, म्हणून ती हवा आतच राहते. ती मोजायला ठरावीक प्रमाणातला हेलियम श्वासावाटे देऊन तो किती विरळ झाला ते बघावं लागतं.

शेवटची चूक चाचणी देणाऱ्याची. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारे एक पालक रिपोर्ट घेऊन आले. व्हायटल कपॅसिटी 2.9 लिटर, घरात सगळे घाबरलेले. मी आलेख बघितला. उताराची रेघ तिरकी जाता जाताच तुटली होती. पूर्ण सोडलेल्या श्वासाची रेघ शेवटी सपाट होऊन निदान सेकंदभर आडवी चालते. म्हणजे त्यांनी मध्येच थांबून तोंड काढलं होतं आणि बाहेर यायची हवा आतच राहिली होती. पुन्हा चाचणी झाली, नाकाला चिमटा लावून, ओठ नळीवर घट्ट धरून. तंत्रज्ञ "सोडा, सोडा, अजून सोडा" म्हणत राहिले. या वेळी रेघ सपाट झाली आणि आकडा 3.6 आला.