ट्रेकचा नकाशा हातात आला की आधी काय तपासायचं: या चुका टाळा

पावसाळा संपत आला की ग्रुपवर नकाशांच्या पीडीएफ फिरायला लागतात, कुणीतरी मोकळ्या डेटावरून घरी बसून बनवलेले असतात, रंगीत असतात, दिसायला झकास असतात, आणि लोक फक्त वाट कुठून कुठे जाते एवढंच बघून प्रिंट काढतात. नकाशा देखणा आहे म्हणजे तो वाचता येतो असं नाही. हरिश्चंद्रगड धरून सांगते, कारण तिथे एकाच डोंगरावर सगळे प्रकार सापडतात: खिरेश्वरकडून टोलार खिंडीची वाट, पाचनईची सोपी वाट, बेलपाड्याची नळीची वाट आणि कोकणकडा.

सगळ्यात आधी स्केल, कारण ही चूक दोन मिनिटांत पकडता येते तरी कुणी पकडत नाही. नकाशावर १:२५,००० लिहिलंय, म्हणजे ४ सेंमी = १ किमी, बरोबर. पण फाइल ए-३ची असते आणि आपण प्रिंटरवाल्याला ए-४ काढ म्हणतो, तो "फिट टू पेज" करून मोकळा होतो. आता नकाशा साधारण ७१ टक्के झाला, म्हणजे खरं स्केल १:३५,००० च्या आसपास, आणि छापलेला आकडा मात्र तोच राहिला. समजा कागदावर वाट १४ सेंमी भरली, तर आकड्यावर विश्वास ठेवून तुम्ही साडेतीन किमी धरणार आणि प्रत्यक्षात निघणार जवळजवळ पाच. स्केल बार असेल तर तो नकाशाबरोबरच आकसतो म्हणून तो बरोबर राहतो, त्यामुळे नुसता आकडा असलेला आणि बार नसलेला नकाशा प्रिंट काढायच्या लायकीचा नाही असं माझं सरळ मत आहे. बार नंतर वेगळा चिकटवलेला असेल तर तोही चुकीचा असू शकतो. तपासायचं कसं, तर कडेला अक्षांशाच्या खुणा असतात ना, त्यातला १ मिनिटाचा फरक आपल्याकडे जमिनीवर साधारण १.८४५ किमी असतो, म्हणजे १:५०,००० वर जवळपास ३.७ सेंमी आला पाहिजे. पट्टी उभी लावा हं, आडवी नको. रेखांशाचं १ मिनिट आपल्या भागात १.७५ किमीच्या आसपास भरतं, आणि आडवं मोजून "स्केल चुकलंय" म्हणणारेही बघितलेत.

आता मुख्य गोष्ट, कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक, त्यामुळे उतार एकसारखा नसतो, उभा कातळ मग सपाट पट्टा मग पुन्हा कातळ अशा पायऱ्या असतात. नकाशा बनवणारा रेषा गुळगुळीत करतो तेव्हा सगळ्यात आधी या पायऱ्याच जातात आणि कागदावर छान समान अंतराच्या रेषा उरतात, जणू सरळ चढ आहे, चालत जा. बरेच मोफत नकाशे अंतराळातून, म्हणजे स्पेस शटलवरच्या रडारने, घेतलेल्या डेटावर बनतात, त्यात साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते, कड्याजवळ तर रडारला दिसलंच नाही म्हणून रिकाम्या राहिलेल्या जागा नंतर अंदाजाने भरलेल्या असतात. असा डेटा कोकणकड्यासारखा आत ओढलेला, वरून पुढे आलेला कडा दाखवूच शकत नाही. मग रेषा एकमेकीत मिसळून नुसता तपकिरी डाग होतो म्हणून बनवणारा दोन रेषांमधलं उंचीचं अंतर २० ऐवजी १०० मीटर घेतो, आणि समजा ४०० मीटरची उभी घसरण फक्त चार रेषांत येते. सुबक दिसतं, पण वाचणाऱ्याला वाटतं जरा दमवणारा चढ असेल. म्हणून कड्याला वेगळं चिन्ह, दातेरी रेघ वगैरे, हवंच, आणि कोकणकड्याच्या जागी ते नसेल तर बाकीच्या नकाशावर किती भरवसा ठेवायचा ते ओळखा.

उलटी अडचण पण आहे. कंटूर २० मीटरचे असतील, सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५०,००० वाल्या शीटवर असतात तसे, तर १०-१५ मीटरचा रॉक पॅच दोन रेषांच्या मधे आरामात लपतो. टोलार खिंडीतून वर चढताना रेलिंग लावलेला कातळ आहे, तो कंटूरमधून कळणार नाही, त्याच्यासाठी वेगळी खूणच लागते. यात नकाशाची चूक नाही, पण खूण दिली नाही तर ती चूक.

रेषा जास्त गुळगुळीत झाल्यात का हे ओळखायची माझी आवडती पद्धत म्हणजे ओढे बघा. कंटूर ओढ्याला ओलांडतो तिथे इंग्रजी व्ही सारखा वळतो आणि टोक चढाच्या दिशेला असतं. आता निळी रेघ व्हीच्या टोकातून जात नसेल, बाजूला सरकलेली असेल किंवा चक्क सोंडेवरून वाहताना दिसत असेल, तर कंटूर आणि ओढे वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतलेत किंवा एक घासलाय आणि दुसरा नाही. मग वाटसुद्धा तशीच सरकलेली असणार, आणि नळीच्या वाटेसारख्या जागी पन्नास मीटर सरकणं म्हणजे घळीतून बाहेर पडून कातळावर जाणं. दुसरी जागा खिंड. दोन्ही बाजूचे कंटूर कमरेसारखे आत आलेले दिसले पाहिजेत, १०० मीटरच्या अंतरात ही कंबर बऱ्याचदा गायब होते आणि टोलार खिंड हे नुसतं उतारावर लिहिलेलं नाव उरतं.

रंगाच्या बाबतीत दोन गोष्टी. एक, सखल भाग हिरवा आणि उंच भाग तपकिरी अशी उंचीची छटा. बघणारा हिरवं म्हणजे जंगल, सावली मिळेल असं समजतो आणि एप्रिलमध्ये उघड्या माळावर भाजून निघतो. हिरवा रंग एकाच अर्थाने वापरलाय का बघा. दोन, डोंगराला दिलेली सावली. प्रकाश वायव्येकडून येतो असं धरून ती काढायची रूढ पद्धत आहे, पण आपले मोठे कडे नेमके पश्चिमेला कोकणाकडे तोंड करून, त्यामुळे ते उजळ, निवांत दिसतात आणि पूर्वेचा साधा उतार काळा, भयानक. सावली बघून चढ ठरवू नका, कंटूर मोजा. पहाटे निघणार असाल तर लाल हेडलॅम्प लावून पण एकदा बघा, लाल वाट आणि तपकिरी कंटूर पांढऱ्या कागदावर जवळजवळ दिसेनासे होतात, म्हणून वाट काळी किंवा जांभळी असलेली बरी.

लेजेंड तपासताना उलटं जायचं: नकाशावरचं कुठलंही चिन्ह धरा आणि यादीत शोधा. तुटक रेघ बहुतेक नकाशांत दोन-तीन अर्थांनी येते, एकदा पायवाट, एकदा ढोरवाट, एकदा तालुक्याची हद्द, आणि हद्दीवरून चालत निघालेले लोक मी पाहिलेत. "मध्यम", "अवघड" असं लिहिलं असेल तर कशावरून ते विचारा, दोर लागतो म्हणून की नुसतं लांब आहे म्हणून. पाण्याला सरसकट निळा ठिपका चालत नाही, गडावरच्या टाक्याचं पाणी बारमाही आहे की डिसेंबरपर्यंतच हे वेगळं दिसायला हवं, सर्व्हेच्या शीटवर कोरडे ओढे काळ्या रेघेने आणि पाणी असलेले निळ्याने दाखवतात तसं. हे नसेल तर गावातल्या माणसाला फोन करून टाक्यांचं विचारा आणि त्या ठिपक्यांशेजारी पेनाने महिना लिहून ठेवा, मग त्या कागदाची साधी झेरॉक्स काढा, काळ्या-पांढऱ्यात वाट आणि ओढा वेगळे ओळखता आले तर बॅगेत टाका.