जिमची ‘आधी-नंतर’ पोस्ट लिहिताना या चुका टाळा

“३० दिवसांत १४ किलो गायब! ढेरपोट्याचा झाला ढाण्या वाघ!” ही ओळ आमच्या तालुक्याच्या जिमच्या पोस्टवर मीच टाकली होती. फोटोतल्या किराणावाल्या दादांचं वजन खरं तर ११ महिन्यांत ९२ वरून ८१ वर आलं होतं.

ती पोस्ट पाहून मे महिन्यात एक पोट्टा आला. एक वेळ जेवायचा, पाणी तोडलेलं, बनियनखाली प्लास्टिक गुंडाळून ट्रेडमिलवर पळायचा. दहाव्या दिवशी चक्कर येऊन पडला, सलाईन लावावी लागली. म्हणाला, “सर, तुमीच तं लिवलं होतं महिन्यात होते म्हणून.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून आकडा टाकण्याआधी हिशेब करतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. महिन्यात १४ किलो चरबी घटवायची तर रोज सुमारे ३,६०० कॅलरींची तूट हवी. दादांचं दिवसभराचं जेवणच तेवढं नव्हतं, म्हणजे पूर्ण उपाशी राहूनही ते जमलं नसतं. पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली येतो, पण त्यात बहुतेक पाणी असतं. स्नायूंत साठवलेली साखर संपते, तिच्यासोबत धरलेलं पाणी निघून जातं. नीट जेवलं की ते परत येतं. आठवड्याला अर्धा किलो हा माणसाला झेपणारा वेग आहे, आणि तोही दर आठवड्याला दिसत नाही.

दुसरी चूक ‘ढेरपोट्या’सारखा शब्द. दादांच्या मुलाला शाळेत त्याच नावानं चिडवलं गेलं. जुन्या शरीराला नाव ठेवायचंच नाही, हा आता माझा नियम आहे.

फोटो एकाच जागी, एकाच उजेडात, पोट सैल सोडून काढा. आधीच्या फोटोत वाकलेला आणि नंतरच्यात श्वास ओढलेला माणूस म्हणजे फसवणूक. पावडरच्या डब्याची जाहिरात त्याच पोस्टमध्ये घुसवू नका.

पोस्ट पुन्हा लिहिली ती अशी: “दादा ११ महिने आठवड्यातून चार दिवस, ४० मिनिटं आले. आधी चहा पाचवरून दोन कपांवर आणला, मग रात्री भाताऐवजी एक भाकर आणि वाटीभर घट्ट वरण सुरू केलं. वजन ९२ वरून ८१.”

टाकण्याआधी दादांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “सोयाबीनच्या काढणीत दोन महिने आलोच नाही, वजन दोन किलो वाढलं होतं. थेही लिवा.” मी ते जोडलं. पुढच्या आठवड्यात काढणीमुळं जिम सोडून बसलेले तिघं शेतकरी परत आले.